निगेटिव्हिटी प्रोजेक्ट: कामाच्या नोंदी (दोन क्यूबिट, मिक्स्ड स्टेट)

३ एप्रिल

मॅडमनी विषय फायनल केला. दोन क्यूबिटची मिक्स्ड स्टेट दिली की ती एंटँगल्ड आहे की नाही हे पार्शियल ट्रान्सपोजने ओळखायचं, निगेटिव्हिटी काढायची, आणि मग खरी मेजरमेंट असती तर, म्हणजे मोजणीच्या मोजक्याच फेऱ्या, म्हणजे शॉट, असते तर, या टेस्टवर किती भरवसा ठेवता आला असता ते पाहायचं. लॅबमध्ये फोटॉनचं सोर्स वगैरे काही नाही, सगळं लॅपटॉपवर सिम्युलेशन. पार्टनर म्हणाला "काऊन बे, चार बाय चारची मॅट्रिक्स आहे, दोन दिवसात होते". होते म्हणे.

नोंदी मी ठेवणार आहे कारण मागच्या सेमला शेवटी रिपोर्ट लिहिताना कोणता ग्राफ कोणत्या कोडचा हेच आठवत नव्हतं.

५ एप्रिल

थिअरी आधी डोक्यात नीट बसवली. सेपरेबल स्टेट म्हणजे A क्यूबिटची एक स्टेट आणि B क्यूबिटची एक स्टेट यांच्या जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडीला एक वजन (प्रोबॅबिलिटी) द्यायचं, आणि सगळ्यांची बेरीज. आता त्यातल्या फक्त B चा ट्रान्सपोज, म्हणजेच पार्शियल ट्रान्सपोज, घेतला तर काय होईल, B ची प्रत्येक स्टेट ट्रान्सपोज झाल्यावरही एक बरोबर डेन्सिटी मॅट्रिक्सच राहते, म्हणजे पूर्ण बेरीजसुद्धा डेन्सिटी मॅट्रिक्सच राहिली, आयगेनव्हॅल्यू निगेटिव्ह येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून एकही आयगेनव्हॅल्यू निगेटिव्ह आली की स्टेट सेपरेबल नाही, म्हणजेच एंटँगल्ड, विषय संपला. हे पेरेसने १९९६ मध्ये मांडलं, आणि त्याच वर्षी होरोदेत्स्की कुटुंबाने (बाप आणि दोन मुलं, तिघंही याच धंद्यात) दाखवलं की दोन क्यूबिटसाठी उलटंही खरं आहे, म्हणजे निगेटिव्ह आली नाही तर स्टेट नक्की सेपरेबल. हे "उलटं" फक्त 2×2 आणि 2×3 लाच चालतं, त्याच्या वर गेलं की नाही.

निगेटिव्हिटी म्हणजे त्या निगेटिव्ह आयगेनव्हॅल्यूंची बेरीज, उणे चिन्ह काढून. दोन क्यूबिटमध्ये एकापेक्षा जास्त निगेटिव्ह येऊच शकत नाही आणि ती -०.५ च्या खाली जात नाही, त्यामुळे निगेटिव्हिटी जास्तीत जास्त ०.५. पण काही लोक दुपटीने घेतात म्हणजे त्यांची जास्तीत जास्त १ येते. ही गोष्ट इथे लिहून ठेवतोय कारण पुढे याच गोष्टीने फसायला होऊ शकतं.

८ एप्रिल

पहिला ग्राफ आला!! वर्नर स्टेट घेतली, म्हणजे सिंगलेट ही पूर्ण एंटँगल्ड स्टेट `p` इतकी आणि बाकी `1-p` निव्वळ कचरा (आयडेंटिटी भागिले चार). `p` शून्यापासून एकपर्यंत फिरवला, निगेटिव्हिटी काढली, आणि काय सुंदर सरळ रेघ आली, शून्यातून निघून थेट १ पर्यंत. १ आलं तेव्हा जरा खटकलं, पण म्हटलं आपण दुपटीची व्याख्या घेतली असेल. पार्टनरला व्हॉट्सअॅप केला, त्याने अंगठा दिला. कूलरमध्ये पाणी भरून झोपलो.

९ एप्रिल

ग्राफ चूक आहे. मॅडमनी पाच सेकंद पाहिला आणि विचारलं, "`p` ०.२ ला एंटँगल्ड दिसतंय तुमच्या ग्राफमध्ये, तेवढ्या कचऱ्यात कसं राहील? एक-तृतीयांशच्या आधी रेघ जमिनीवरच हवी." मी म्हटलं मॅडम कोड पाहतो. त्या म्हणाल्या, "कोड नंतर पाहा, आधी हातानं करा."

मग शंकरनगर चौकात तर्री-पोहे घेऊन बसलो आणि वहीच्या मागच्या पानावर केलं. `p` = ०.८ घेतला. ओळी-रकाने `00, 01, 10, 11` या क्रमाने:

```
आधी                          B चा ट्रान्सपोज केल्यावर
0.05   0     0     0         0.05   0     0    -0.4
0      0.45 -0.4   0         0      0.45  0     0
0     -0.4   0.45  0         0      0     0.45  0
0      0     0     0.05     -0.4    0     0     0.05
```

हे पाहिलं आणि टेस्टमध्ये नक्की काय घडतं ते मला पहिल्यांदा *दिसलं*. ती -०.४ आधी मधल्या दोन ०.४५ च्या मध्ये बसली होती, तिथे तिला आधार आहे, ०.४५ गुणिले ०.४५ हे ०.४ च्या वर्गापेक्षा मोठं आहे म्हणून सगळं पॉझिटिव्ह. B चा ट्रान्सपोज केला की `01` आणि `10` मधली ती संख्या उचलून `00` आणि `11` च्या मध्ये जाते, कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात डायगोनलवर फक्त ०.०५ आहेत. तेवढ्याशा आधारावर -०.४ पेलत नाही. आयगेनव्हॅल्यू ०.०५ अधिक-उणे ०.४, म्हणजे ०.४५ आणि -०.३५. बस, ती -०.३५ म्हणजेच निगेटिव्हिटी ०.३५.

आणि कोसळण्याची हद्दही लगेच निघते: कोपऱ्यातला आधार `(1-p)/4`, तिथे येऊन पडणारं ओझं `p/2`, दोन्ही सारखे झाले की `p = 1/3`. सर्वसाधारण सूत्र, सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू `(1-3p)/4`. म्हणजे कचरा जितका जास्त तितके कोपरे जाड होतात आणि ओझं पेलतात, म्हणून ०.२ ला काही दिसायलाच नको. पोह्यांवरची तर्री वहीच्या पानावर सांडली, ते पान तसंच स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकलंय.

१० एप्रिल

चूक सापडली. चार बाय चारची मॅट्रिक्स `reshape(2,2,2,2)` केली की चार अक्ष मिळतात, क्रम असा: ओळीचा A, ओळीचा B, रकान्याचा A, रकान्याचा B. मला ओळीचा B आणि रकान्याचा B यांची अदलाबदल हवी, म्हणजे १ आणि ३. मी लिहिलं होतं `transpose(0, 2, 1, 3)`, म्हणजे १ आणि २, म्हणजे ओळीचा B आणि रकान्याचा A! हा पार्शियल ट्रान्सपोज नव्हेच, मॅट्रिक्सची नुसती फेरमांडणी आहे. बरोबर कोड:

```python
def pt_B(rho):
    r = rho.reshape(2, 2, 2, 2)
    return r.transpose(0, 3, 2, 1).reshape(4, 4)
```

आता चुकीच्या कोडने काय दिलं होतं तेही हाताने काढलं कारण मला राग आला होता. वर्नर स्टेटला त्यातून आयगेनव्हॅल्यू येतात ०.५, `p/2`, `-p/2`, `-p/2`. दोन निगेटिव्ह, त्यांची बेरीज बरोब्बर `p`. म्हणून ती सुंदर सरळ रेघ. आणि `p` = १ ला निगेटिव्हिटी १, जी मी "दुपटीची व्याख्या" म्हणून पचवली. खरं तर कळायला दोन जागा होत्या, दोन्ही सोडल्या. एक म्हणजे दोन क्यूबिटमध्ये दोन निगेटिव्ह आयगेनव्हॅल्यू येऊच शकत नाहीत (५ तारखेला स्वतःच लिहिलंय वर!). दुसरं म्हणजे पार्शियल ट्रान्सपोजमध्ये डायगोनल हलत नाही, मग ट्रेस १ च राहायला हवा, आणि इथे ट्रेस `(1-p)/2` येत होता, ०.२ ला ०.४.

याहून वाईट गोष्ट म्हणजे `np.linalg.eigvalsh` काही बोलत नाही. ते मॅट्रिक्स हर्मिशियन आहे असं धरूनच चालतं, फक्त खालचा त्रिकोण वाचतं आणि उत्तर देतं. वर्नरमध्ये चुकीची मॅट्रिक्सही योगायोगाने सिमेट्रिक निघाली, पण बाकीच्या स्टेट्सना ती हर्मिशियनही नसते आणि तरी चार छान रिअल आकडे बाहेर येतात, एरर नाही, वॉर्निंग नाही.

आणि उलट बाजूची चूकही करून पाहिली: `transpose(2, 3, 0, 1)` म्हणजे अख्ख्या मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज, त्यात आयगेनव्हॅल्यू बदलतच नाहीत, सगळ्या स्टेट सेपरेबल दिसणार. `transpose(1, 0, 3, 2)` म्हणजे A आणि B ची नावं अदलाबदल, तेच. या दोन्हींमध्ये ट्रेस १ च राहतो, म्हणजे ट्रेसची तपासणी इथे कामाची नाही. म्हणून सिंगलेट टाकून पाहायचं, उत्तर -०.५ आणि तीन वेळा ०.५ आलंच पाहिजे. दोन्ही तपासण्या कोडमध्ये `assert` करून टाकल्या.

नवीन ग्राफ: एक-तृतीयांशपर्यंत जमिनीवर, मग वर चढून ०.५ ला. मॅडम: "हं."

१३ एप्रिल

वर्नर स्टेट फारच गुणी आहे, सगळ्या बाजूंनी सारखी, म्हणून दुसरी घेतली: `00` आणि `11` ची पूर्ण एंटँगल्ड जोडी `Φ+` ही `p` इतकी, आणि उरलेली `1-p` पूर्ण `|01⟩`. म्हणजे इथे कचरा एकाच खान्यात पडलाय, चारीकडे पसरलेला नाही.

पार्शियल ट्रान्सपोज केल्यावर मधला दोन बाय दोनचा तुकडा उरतो, डायगोनलवर `1-p` आणि शून्य, आणि ऑफ-डायगोनल `p/2`. शून्याच्या शेजारी काहीही ठेवलं की कोसळणारच. म्हणजे `p` कितीही लहान असो, शून्य नसला की स्टेट एंटँगल्ड. हद्दच नाही! `p` = ०.१ ला वर्नर आरामात सेपरेबल असते, आणि ही एंटँगल्ड. मला हे आधी विचित्र वाटलं, नव्वद टक्के भेसळ आणि तरीही? पण आधाराच्या हिशोबाने पाहिलं की पटतं, भेसळ किती आहे यापेक्षा ज्या खान्यात आधार लागतो त्या खान्यात ती पडते का हे महत्त्वाचं.

फक्त निगेटिव्हिटी किती? ०.१ ला आयगेनव्हॅल्यू सुमारे -०.००२८. एवढीशी. पार्टनरने कन्करन्स हे एंटँगलमेंटचं दुसरं माप काढलं, तो ०.१ आला, आणि म्हणाला तुझं काहीतरी चुकलं, वर्नरमध्ये कन्करन्स बरोबर निगेटिव्हिटीच्या दुप्पट येत होता. नाही चुकलं. वर्नरला दुप्पट येतो, इथे नाही, दोन मापं वेगळी आहेत. दोघंही "शून्य की शून्य नाही" यावर एकमत असतात, "किती" यावर नाही. दोन तास वाद घातला आम्ही यावर, शेवटी दोघांचंही बरोबर निघालं, असा वाद फुकटचा वाटतो.

१६ एप्रिल, रात्री

दुपारी लाइट गेली होती, रात्री करतोय. आता शॉटचं काम सुरू.

सेटअप असा: A वर X, Y, Z पैकी एक आणि B वर X, Y, Z पैकी एक, अशा नऊ जोड्या, प्रत्येक जोडीला `M` शॉट, त्यातून सरासऱ्या काढायच्या आणि त्या सरळ सूत्रात टाकून डेन्सिटी मॅट्रिक्स परत बांधायची. मग `pt_B`, मग आयगेनव्हॅल्यू.

स्टेट घेतली वर्नर, `p` = ०.३. ही सेपरेबल आहे, खरी सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू `(1-0.9)/4` म्हणजे +०.०२५. `M` = १००. हजार वेळा चालवलं आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास वेळा टेस्ट म्हणाली एंटँगल्ड. म्हणजे जवळजवळ नाणं उडवल्यासारखं.

परत बग शोधायला लागलो, साडेबारापर्यंत. बग नव्हता.

१७ एप्रिल

मॅडमना दाखवलं. त्यांनी फळ्यावर केलेलं जसंच्या तसं उतरवतो. वर्नरची ती सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू फक्त तीन सरासऱ्यांवर अवलंबून आहे:

`λ = (1 + ⟨XX⟩ + ⟨YY⟩ + ⟨ZZ⟩) / 4`

प्रत्येक सरासरी खरी `-p`. प्रत्येक शॉटमधून +१ किंवा -१ येतो, म्हणून `M` शॉटनंतर प्रत्येकीतली चूक `(1-p²)/M` च्या वर्गमुळाइतकी. तिन्ही मिळून `λ` मधली चूक `√(3(1-p²)/M) / 4`. ०.३ आणि १०० टाकले की ०.०४१. आणि खरी किंमत ०.०२५! म्हणजे मोजपट्टीच्या खुणा मोजायच्या वस्तूपेक्षा मोठ्या. एवढ्या चुकीने शून्याच्या खाली जाण्याची शक्यता सुमारे २७ टक्के.

मी म्हटलं मॅडम, पण माझे चाळीस येतायत. त्या हसल्या. "सूत्रात तुम्ही दिशा ठरवून दिली आहे, `Φ+` ची. कोडला दिशा ठरवून दिलेली नाही, तो चारही मितींमध्ये सगळ्यात खालची दिशा शोधतो. नॉइजमध्ये कुठेतरी अजून खाली जागा असणारच, तो तिथे जाऊन बसतो." म्हणजे सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू कधीच ठरलेल्या दिशेच्या किमतीपेक्षा वर येऊ शकत नाही, प्रत्येक रनमध्ये ती तेवढी किंवा त्याच्या खालीच. म्हणून सरासरीही खालीच ओढलेली. ही मोजण्यातली एकतर्फी चूक आहे, रन वाढवून जात नाही, शॉट वाढवूनच कमी होते.

आणि निगेटिव्हिटीचं तर अजूनच वाईट कारण ती पॉझिटिव्ह आयगेनव्हॅल्यूला शून्य करून टाकते. +०.०६ आली तरी ०, -०.०३ आली तर ०.०३. इतक्या कमी शॉटला हजार रनची सरासरी घेतली की सेपरेबल स्टेटलाही निगेटिव्हिटी शून्याच्या वरच येणार. आमच्या टेबलमध्ये ०.३ समोर जो बारीकसा आकडा दिसत होता तो एंटँगलमेंटचा नव्हताच.

`M` = १०,००० केलं की चूक ०.००४१ होते, ०.०२५ तिच्या सहापट दूर, आणि टेस्ट गप्प बसते. चालवून पाहिलं, एकही खोटी ओरड नाही.

२० एप्रिल

दिशेच्या प्रश्नावर उपाय: शॉट दोन भागांत वाटायचे. पहिल्या भागातून मॅट्रिक्स बांधा, पार्शियल ट्रान्सपोज करा, सगळ्यात खालची दिशा (आयगेनव्हेक्टर) काढा आणि ती गोठवा. दुसऱ्या, न पाहिलेल्या भागावर त्या गोठवलेल्या दिशेत किंमत मोजा. सेपरेबल स्टेटला कोणत्याही दिशेत ही किंमत शून्याच्या खाली जात नाही, म्हणजे दिशा थोडी चुकली तरी खोटं "एंटँगल्ड" निघण्याचा एकतर्फी कल राहत नाही, उरते ती फक्त साधी शॉटची चूक, आणि ती आपल्याला मोजता येते. दिशा जास्त चुकली तर एंटँगल्ड स्टेट सुटू शकते, ते चालेल, ते प्रामाणिक आहे. अशा गोठवलेल्या दिशेला विटनेस म्हणतात. मोबदल्यात अर्धे शॉट कमी, म्हणजे चूक √२ पट.

पार्टनर म्हणाला मग दिशा आधीच ठरवून का देत नाही, पुस्तकातली, शॉट वाचतील. वर्नरला चालेल. पण १३ तारखेच्या स्टेटवर करून पाहिलं: पुस्तकातली सरळ दिशा, म्हणजे सिंगलेट `Ψ-`, घेतली तर किंमत `(1-2p)/2` येते, म्हणजे `p` अर्ध्याच्या वर गेला तरच निगेटिव्ह. ०.१ ते ०.५ मधल्या सगळ्या एंटँगल्ड स्टेट हातातून गेल्या. कारण तिथे खरी खालची दिशा `Ψ-` नाहीच, ०.१ ला ती जवळजवळ पूर्ण `|10⟩` आहे, `|01⟩` चा फक्त ०.०५५ चा तडका. तर दिशा डेटामधूनच शोधावी लागते, फक्त त्याच डेटावर तपासायची नाही.

२२ एप्रिल

अजून एक फसवणूक, छोटी. `p` = ०.९५ ला बांधलेली मॅट्रिक्स स्वतःच कधीकधी निगेटिव्ह आयगेनव्हॅल्यूची निघते (खऱ्या तीन आयगेनव्हॅल्यू फक्त ०.०१२५ आहेत, १०० शॉटचा नॉइज त्यांना सहज खाली ढकलतो). पार्टनरने त्या निगेटिव्ह काढून शून्य केल्या आणि बाकीच्यांना ट्रेस १ होईल असं ताणलं. दिसायला बरं दिसतं पण त्याने पुढची पार्शियल ट्रान्सपोजची किंमतही सरकते. ठरवलं की आधी मूळ मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू छापायच्या, दुरुस्ती केली असेल तर रकान्यात तसं लिहायचं, गुपचूप करायची नाही.

२४ एप्रिल

रिपोर्टचं टेबल बदललं. "निगेटिव्हिटी" हा रकाना खाली ढकलला आणि आधी `λ` चिन्हासकट, अधिक-उणे चुकीसकट, दुसऱ्या अर्ध्या शॉटवर मोजलेली. निकाल तीनच: चुकीच्या तीनपटीपेक्षा जास्त खाली असेल तर "एंटँगल्ड", तीनपटीपेक्षा वर असेल तर "या दिशेत काही दिसलं नाही", मधे असेल तर "शॉट कमी". "सेपरेबल" हा शब्द शॉटवाल्या टेबलमधून मॅडमनी लाल पेनने काढायला लावला, एका दिशेत वर आहे म्हणजे सगळ्या दिशांत वर आहे असं होत नाही म्हणून.

`p` = ०.१ ची १३ तारखेची स्टेट, -०.००२८ वाली, १०० शॉटला अर्थातच "शॉट कमी". ती ओळ तशीच ठेवली. मॅडमनी `pt_B` मध्ये अजून एक `assert` टाकायला सांगितला, मॅट्रिक्स 4×4 च असली पाहिजे असा, कारण पुढच्या बॅचचं कोणीतरी `reshape` चे आकडे बदलून हाच कोड 3×3 वाल्या सिस्टिमला लावेल आणि निगेटिव्ह आली नाही म्हणून सेपरेबल लिहून मोकळं होईल. टाकला.